मदत हवी आहे: आईचा मेडिक्लेम अडकलाय, स्मरणपत्र वाचून सांगाल का?

वैशाली_लालबाग
आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, 21 जुलैला डिस्चार्ज मिळाला. बिल 1,84,600 रुपये, सगळं आम्ही भरलं. 4 ऑगस्टला क्लेमचे कागद दिले. 14 तारखेला टीपीएने, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेमचे कागद तपासणाऱ्या संस्थेने, इनडोअर केस पेपर मागितले. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला चार फेऱ्या मारून 25 ऑगस्टला, गणपतीच्या दोन दिवस आधी, ते जमा केले. 15 सप्टेंबरला पुन्हा पत्र आलं: डॉक्टरांचा पहिल्या तपासणीचा कागद द्या. तो पहिल्याच गठ्ठ्यात पान 7 वर होता! तरी 18 सप्टेंबरला परत दिला, आवक शिक्का घेतला. आज 25 ऑक्टोबर. वेबसाइटवर अजून 'कागदपत्रे प्रलंबित'.

मी असं लिहिलंय:
"आमचा दावा बरेच दिवस प्रलंबित आहे. वारंवार फोन करूनही समाधानकारक उत्तर मिळत नाही. कृपया सहानुभूतीपूर्वक विचार करून लवकरात लवकर रक्कम द्यावी."

काय बदलू? आईने बचतीतले पैसे मोडलेत, ती रोज विचारते.

शशांक_मुलुंड
डिस्चार्जपासून 15 दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. सरळ ग्राहक मंचात जा, पत्रं लिहीत बसू नका.

गौरी_डोंबिवली
आमचंही असंच! कॅशलेस मंजूर व्हायला संध्याकाळ झाली, तोवर खोली सोडता येईना. तुम्ही हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर जाऊन बसा, ते फोन लावतात.

वैशाली_लालबाग
गौरीताई, आमचं कॅशलेस नाही हो, पैसे भरून झालेत. हॉस्पिटलचा आता संबंध उरला नाही.

अनंत_निवृत्त
मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात बरीच वर्षं काढली. शशांक, 15 दिवस हे विमा नियामकाच्या 2024च्या परिपत्रकातलं बरोबर आहे, पण डिस्चार्जपासून नाही, कागद दिल्यापासून. बऱ्याच जुन्या पुस्तिकांत शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून 30 दिवस छापलेले असतात. वैशालीताई, 18 सप्टेंबर धरली तरी 37 दिवस झाले, म्हणजे दोन्ही मुदती उलटल्या. तुमच्या पत्रात ही एकही तारीख नाही. 'बरेच दिवस' वाचून टेबलावरचा माणूस काहीच करू शकत नाही. सहानुभूतीचं वाक्यही काढा. तुम्ही हक्काची रक्कम मागताय.

पत्र टीपीएला नको. तो कागद हाताळतो, पैसे देण्याची जबाबदारी कंपनीची. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे लिहा, वर 'तक्रार' असा शब्द घाला आणि टीपीएला प्रत द्या. कॉल सेंटरने दिलेला नंबर बहुधा नुसत्या चौकशीचा असतो. लेखी तक्रार नसेल तर पुढे विमा लोकपालाकडे गेल्यावर अडतं. तक्रारीला एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तिथे जाता येतं. फी नाही, वकीलही लागत नाही. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे.

उशिराच्या व्याजाची मागणीही करा. बँक दरापेक्षा 2 टक्के जास्त, असं नियमात आहे. आकडा स्वतः काढू नका, नाहीतर वाद आकड्यावर जातो.

शशांक_मुलुंड
काका, पान 7 वरचा कागद त्यांच्याकडे आधीच होता. मग मुदत 25 ऑगस्टपासूनच मोजायला हवी ना? 61 दिवस होतात.

अनंत_निवृत्त
मुद्दा रास्त आहे. मी दोन्ही तारखा लिहिल्या असत्या. कंपनी 18 सप्टेंबरच धरणार. लोकपाल काय मानतील, ते आज सांगता येणार नाही. पहिल्या गठ्ठ्याची पोच आहे का, पानांच्या संख्येसकट?

वैशाली_लालबाग
पोच आहे, '42 पाने' असं हाताने लिहिलंय. शिक्का पुसट आहे पण 4 ऑगस्ट वाचता येतं. पत्र असं केलं:

"विषय: तक्रार. दावा क्रमांक (शेवटचे अंक 4417), पॉलिसी क्रमांक (शेवटचे अंक 0926).
दि. 4 ऑगस्ट रोजी 42 पानांचा दावा दाखल केला (पोच सोबत). दि. 14 ऑगस्टच्या पत्रानुसार इनडोअर केस पेपर दि. 25 ऑगस्टला दिले. दि. 15 सप्टेंबरच्या पत्रात मागितलेला कागद मूळ दाव्यात पान 7 वर होता. तरीही तो दि. 18 सप्टेंबरला पुन्हा दिला. त्यानंतर एकही लेखी मागणी आलेली नाही. दावा मंजूर करून रु. 1,84,600 व विलंबाचे व्याज द्यावे. काही रक्कम कापायची असल्यास पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार, ते लेखी कळवावे."

इथे पूर्ण नंबर मुद्दाम दिलेले नाहीत. पॉलिसी आईच्या नावाने आहे, ईमेल मात्र मी माझ्या आयडीवरून करत होते. चालेल का?

अनंत_निवृत्त
आता ठीक झालं. ईमेलचं अडेल; पॉलिसीधारकाची सही नाही म्हणून परत पाठवलेली पत्रं मी पाहिली आहेत. आईंची सही घ्या, त्यांच्या नोंदलेल्या ईमेलवरूनही पाठवा आणि छापील प्रत शाखेत शिक्का मारून घ्या. शिक्का ठसठशीत उमटला की नाही, ते तिथेच बघा.

वैशाली_लालबाग
आईची सही झाली. सोमवारी सकाळी शाखेत जाते. उत्तर आलं की इथेच लिहीन.