'संपूर्ण' कशाला लागतं: यादृच्छिकतेला की गटाला?

अर्धविराम: शेतकऱ्यांसाठीच्या एका घडीपत्रिकेचं मराठी तपासतोय. त्यात दोन नावं आहेत, 'संपूर्ण यादृच्छिक आराखडा' आणि 'यादृच्छिक संपूर्ण गट आराखडा'. लिहिणाऱ्याने दुसऱ्यातलं 'संपूर्ण' गाळून पहिल्यात ठेवलंय आणि कारण विचारलं तर म्हणतो, 'पहिल्यात चिठ्ठ्या पूर्ण टाकतात, दुसऱ्यात अर्ध्या.' हे बरोबर आहे का? आणि 'गट' हा शब्द चालेल का?

कृषिपदवी: अर्ध्याबिर्ध्या नाही. सोपं आहे. पहिला, म्हणजे सीआरडी, प्रयोगशाळेत आणि कुंड्यांमध्ये वापरतात; दुसरा, म्हणजे आरबीडी, शेतात. नाव काहीही ठेवा, वापर एवढाच.

दुधनाकाठ: दोन्हीकडचं 'संपूर्ण' वेगळं आहे, गोंधळ तिथूनच सुरू होतो. सीआरडीत ते यादृच्छिकतेला लागतं. समजा चार ट्रीटमेंट, म्हणजे तुलना करायची वाणं किंवा मात्रा, प्रत्येकी चारदा. सगळ्या १६ प्लॉटांसाठी १६ चिठ्ठ्या एकाच डब्यात, कुठल्याही प्लॉटला कुठलीही चिठ्ठी निघू शकते. दुसऱ्यात ते गटाला लागतं, म्हणजे चारही ट्रीटमेंट प्रत्येक गटात एकेकदा आल्याच पाहिजेत. तिथे चिठ्ठ्या अर्ध्या नसतात, कुंपणाच्या आत असतात. डब्यात चारच चिठ्ठ्या, आणि प्रत्येक गटासाठी डबा पुन्हा हलवायचा. म्हणून मी पहिल्याला 'संपूर्णतः यादृच्छिक' म्हणेन आणि दुसऱ्याला 'संपूर्ण-गट'. एक 'तः' आणि एक जोडरेघ, पण अर्थ जागेवर बसतो.

संगणकावर फरक एका ओळीत दिसतो:

```
t <- c("अ","ब","क","ड")
sample(rep(t, 4))                # सीआरडी
for (g in 1:4) print(sample(t))  # आरबीडी
```

बारा_तास: गटाचं इचारायलाव म्हणून सांगतो. माझी जमीन दोन गटात हाय, एक गट नाल्याकडं भारी काळा, दुसरा माळाकडं मुरमाड. एका गटात सोयाबीनचं जुनं वाण, दुसऱ्यात नवं पेरलं तर तेच झालं ना हे? गट तर दोन झाले.

अर्धविराम: बघा, हीच भीती होती. आपल्याकडे 'गट' म्हटलं की सातबाऱ्यावरचा गट नंबर.

दुधनाकाठ: बारा तास, तुमचे गट गटच आहेत, पण 'संपूर्ण' नाहीत. नाल्याकडे नवं वाण जास्त पिकलं, तर ते वाणाने की काळ्या मातीने, हे कुठल्याही हिशेबाने सोडवता येणार नाही, कारण वाण आणि माती एकत्र बांधली गेली. दोन्ही गटांत दोन्ही वाणं पेरा, कुठलं डावीकडे ते नाण्यावर ठरवा. मग नाल्याकडच्या जोडीतला फरक आणि माळाकडच्या जोडीतला फरक हातात येतो आणि माती मधून निघून जाते. फक्त दोन जोड्या मात्र कमी पडतात. प्रत्येक गटात आणखी दोनतीन जोड्या पाडा.

बारा_तास: म्हणजे एकाच तुकड्यात बियाणं बदलायचं. तिफणीवर ते लई किचकट होतंय.

दुधनाकाठ: होतं खरं. प्रयोगापुरतं टोकण करा, नाहीतर चाडं रिकामं करून मगच पुढचा प्लॉट धरा. चाड्यात राहिलेलं मूठभर बियाणं पुढच्या प्लॉटचे पहिले तास भेसळ करतं.

व्युत्पत्ती: 'गट' नको असेल तर 'खंड' घ्या. काही ठिकाणी तसं छापलेलं आहे.

अर्धविराम: खंडाने दिलेलं शेत, पावसाचा खंड... मराठवाड्यात 'खंड पडला' म्हटलं की माणूस आधी आभाळाकडे बघेल.

व्युत्पत्ती: मग 'यादृच्छिक'चाही विचार करा. यदृच्छेला संस्कृतात दोन अर्थ आहेत, आपोआप घडणं आणि स्वतःची मर्जी. गीतेतल्या 'यदृच्छालाभ'मध्ये पहिला आहे. मराठी वाचकाला 'इच्छा' ऐकू येते आणि तो मर्जी समजतो.

कृषिपदवी: तेच तर आहे ना? मनाला येईल तसे प्लॉट द्यायचे, म्हणजेच रँडम.

दुधनाकाठ: मर्जी आणि चिठ्ठी यात जमीनअस्मानाचा फरक आहे. मनाला येईल तसं म्हणून माणूस सारखं सारखं येऊ देत नाही, आवडती ट्रीटमेंट बांधापासून लांब ठेवतो, आणि सगळ्यात जास्त वेळा अ, ब, क, ड हाच क्रम चारही गटांत लावून मोकळा होतो. त्यात 'अ' कायम पश्चिमेच्या बांधाला लागतो. बांधावर लिंब असला की त्याची सावली आणि मुळं चारही वेळा 'अ'च्याच वाट्याला, आणि तो तोटा उत्पन्नाच्या आकड्यात ट्रीटमेंटच्या नावावर चढतो. नकाशात चारही गटांचा क्रम एकच दिसला, तर चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत असं समजायला हरकत नाही. घडीपत्रिकेत 'चिठ्ठी पद्धतीने' लिहा, यादृच्छिक पुस्तकात राहू दे.

अर्धविराम: ते घेतो. आता कृषिपदवींचं 'शेतात आरबीडी' हे वाक्य ठेवू की काढू?

दुधनाकाठ: अर्धं ठेवा. शेत की प्रयोगशाळा हा प्रश्न नाही. शेतातला फरक कुठल्या दिशेने जातो हे आधीच ओळखता येतं का, हा आहे. उतार, मातीची खोली, पाण्याचा चर, मागच्या वर्षी अर्ध्यात तूर आणि अर्ध्यात कापूस, यातलं काही दिसत असेल तर गट पाडायचे. सपाट, एकाच खोलीच्या, एकाच फेरपालटीच्या तुकड्यावर सीआरडी अगदी योग्य आहे. उलट शेडनेटमधल्या कुंड्यांना एका बाजूने ऊन जास्त लागत असेल, तर तिथेही गट हवेत.

हिशेबापुरते कल्पिलेले आकडे घेऊ. उतारावरचं सोयाबीन, गंधकाच्या चार मात्रा, 'अ'मध्ये गंधक नाही. प्लॉट ६ मीटर लांब, ४५ सेंमीवर १२ तास, म्हणजे ५.४ मीटर रुंद. पेरणी उताराला आडवी. चार प्लॉट एका रेषेत उताराला आडवे, तो एक गट. असे चार गट वरून खाली, मध्ये १ मीटर जागा आणि छोटा वरंबा, नाहीतर जोराच्या पावसात वरच्या गटाचं खत खालच्यात उतरतं. कापणीच्या वेळी कडेचा एकेक तास आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडायचा. उत्पन्न क्विंटल प्रति हेक्टर, क्रमाने अ, ब, क, ड:

गट १ (वरचा, मुरमाड): १३.५, ११.५, १५, १६
गट २: १३.५, १७.५, १८, १९
गट ३: १७, १८, १८.५, २२.५
गट ४ (खालचा, भारी): २०, २१, २४.५, २२.५

गटांच्या सरासऱ्या १४, १७, १९, २२. ट्रीटमेंटच्या १६, १७, १९, २०. म्हणजे उताराने ८ क्विंटलचा फरक पाडला आणि गंधकाने ४ चा. वर्गांची एकूण बेरीज १९४, त्यात गटांची १३६, गंधकाची ४०, उरली १८. ती ९ स्वातंत्र्यमात्रांवर वाटली की त्रुटी २.० येते. गंधकाचा एफ ६.६७, तक्त्यातला ५ टक्क्यांचा ३.८६. सी.डी., म्हणजे दोन सरासऱ्यांत खरा मानायला लागणारा कमीत कमी फरक, २.२६. म्हणून 'ड' हा 'अ'पेक्षा खरोखर वरचढ, पण 'क'पेक्षा वरचढ म्हणता येत नाही.

कृषिपदवी: मी हेच आकडे गट काढून टाकून चालवले. त्रुटी १२.८३, एफ १.०४, सी.डी. ५.५२. सगळं एन.एस., कुठलाच फरक सिद्ध होत नाही. म्हणजे सीआरडी लावलं असतं तर हेच आलं असतं.

दुधनाकाठ: आकडे बरोबर, निष्कर्ष थोडा घसरला. हा आरबीडीने लावलेल्या प्रयोगाचा चुकीचा हिशेब झाला. इथे प्रत्येक ट्रीटमेंटला चारही पातळ्यांची माती समान मिळाली होती, आणि तुम्ही मातीचा सगळा फरक त्रुटीत ढकललात. खऱ्या सीआरडीत एखाद्या ट्रीटमेंटचे तीन प्लॉट खालच्या मातीत गेले असते आणि सरासऱ्याच हलल्या असत्या. तिथली अपेक्षित त्रुटी काढायची तर गटांची १३६ अधिक १२ गुणिले २.०, म्हणजे १६०, भागिले १५, उत्तर १०.६७. ती २.० च्या ५.३३ पट. म्हणजे गटांशिवाय इतकीच नेमकी माहिती हवी असती, तर चाराऐवजी सुमारे २१ पुनरावृत्त्या लागल्या असत्या.

अर्धविराम: आता 'पुनरावृत्ती' आणि 'गट' एकच का? पत्रिकेत दोन्ही नकाशांवर आर१, आर२, आर३ लिहिलंय.

दुधनाकाठ: आरबीडीत प्रत्येक गट एकेक पुनरावृत्ती असतो, म्हणून बोलताना 'तीन रेप्लिकेशनचा प्रयोग' म्हणून चालून जातं. सीआरडीतही पुनरावृत्ती असते, पण ती जमिनीवर कुठल्या पट्ट्यात बसत नाही, चार प्लॉट कुठेही पडतात. त्या नकाशावर आर१ची रांग दाखवली, की वाचणारा हिशेबातही रांग घेतो. सीआरडीच्या नकाशावर फक्त ट्रीटमेंटची खूण ठेवा.

दुसरी नेहमीची चूक गटाच्या दिशेची. उताराच्या बाजूने उभे पट्टे पाडून त्यांना गट म्हणतात. मग प्रत्येक पट्ट्यात मुरूमही येतो आणि काळी मातीही, गट एकमेकांसारखे होतात आणि आतून विषम. व्हायला हवं उलटं, गट आतून सारखा आणि एकमेकांहून वेगळे. तपासायचं तर गटांच्या सरासऱ्या बघा. डोळ्याला उतार दिसतोय आणि सरासऱ्या जवळजवळ सारख्या, तर पट्टे उभे पडलेत.

कृषिपदवी: गट महत्त्वाचे निघाले नाहीत, तर मागून काढून टाकले तर? तीन स्वातंत्र्यमात्रा परत मिळतात.

दुधनाकाठ: मी काढणार नाही. चिठ्ठ्या ज्या कुंपणात टाकल्या, हिशेबही त्यातच. शिवाय मिळतं किती? ९ वरून १२ झाल्या तर टी २.२६२ चं २.१७९ होतं, बस. तोटा लहान प्रयोगात दुखतो. दोनच ट्रीटमेंट आणि तीन गट घेतले तर त्रुटीला २ स्वातंत्र्यमात्रा उरतात, टी ४.३०३. सीआरडीत ४ असत्या, टी २.७७६. तिथे जमीन सपाट असेल तर गट पाडूच नका, पण ते पेरणीआधी ठरवा.

व्युत्पत्ती: यावर मतभेद आहेत. गटांचा वर्ग त्रुटीपेक्षाही कमी आला तर काढायला काही जण हरकत घेत नाहीत.

दुधनाकाठ: असतील. मग तसं केलं हे लिहून टाकावं.

कृषिपदवी: एक प्लॉट डुकरांनी खाल्ला तर? सीआरडी बरी ना?

दुधनाकाठ: तिथे सीआरडी सोपी हे खरं. एका ट्रीटमेंटच्या पुनरावृत्त्या चाराऐवजी तीन, हिशेब तसाच चालतो. आरबीडीत तोल बिघडतो. गेलेल्या प्लॉटचा अंदाज भरून त्रुटीतून एक मात्रा वजा करायची, किंवा संगणकावर जागा रिकामी ठेवून गटासह हिशेब करायचा. शून्य मात्र भरू नका. डुकराने खाल्लं म्हणजे गंधकाने पिकलं नाही असं होत नाही.

बारा_तास: ते पट्ट्याचं पटलं. आमच्याकडं अशा आडव्या तुकड्याला 'पट्टा'च म्हणतेत. गट कशाला?

अर्धविराम: 'पट्टा' चांगला आहे. 'संपूर्ण पट्टा' म्हणजे सगळी वाणं असलेला पट्टा.

दुधनाकाठ: शेतात चालेल. पण कुंड्यांच्या टेबलाला पट्टा म्हणाल का? आणि स्ट्रिप प्लॉट नावाचा आराखडा वेगळाच आहे, त्याला पुन्हा 'पट्टा' लागेल. मी 'ब्लॉक' म्हणेन.

व्युत्पत्ती: ब्लॉक म्हटलं की लोकांना फोनमधला आठवतो.

अर्धविराम: पत्रिकेत 'पट्टा (गट)' टाकून नकाशा बाजूला देतो. 'संपूर्णतः' ठेवतोय.