निगेटिव्ह एज आली की डायक्स्ट्रा चुकतोच का?

मधलीसुट्टी: चाचणीत प्रश्न होता, डायक्स्ट्रा निगेटिव्ह एजवर का चालत नाही. मी लिहिलं की चालतो, कारण माझ्या कोडने बरोबर उत्तर काढलं होतं. गुण शून्य. माझ्या मते हा अन्याय आहे. ग्राफ असा: अ→ब २, अ→क ५, क→ब −४, ब→ड १. कोडमधली महत्त्वाची ओळ:

```
if d > dist[u]: continue
```

मोजपट्टी: तुझा ग्राफ छान आहे, कोडच वेगळा आहे. पुस्तकातली पद्धत कागदावर चालवून बघ. अ काढला, क्यूमध्ये ब(२) आणि क(५) गेले. ब सर्वांत लहान, म्हणून तो बाहेर आला आणि त्याच्यावर शिक्का बसला: अंतर २, कायमचं. मग ड(३) निघाला, त्यालाही शिक्का. शेवटी क(५) आला आणि म्हणाला, माझ्याकडून ब फक्त १ वर आहे. पण तोवर ब बंद झालेला. उत्तर ब=२, ड=३; खरं ब=१, ड=२.

शिक्का मारताना गृहीत असतं की क्यूमध्ये उरलेला प्रत्येक नोड ब पेक्षा दूर आहे, आणि तिथून पुढे चालून अंतर कमी होणार नाही. −४ ने दुसरी गोष्ट खोटी पाडली. क्यूचा यात काही दोष नाही, तिने सर्वांत लहानच काढून दिला.

सरळवाट: एवढा खटाटोप कशाला? सगळ्या एजमध्ये ४ मिळवा, एकही निगेटिव्ह उरत नाही. शेवटी वजा करून टाका.

मोजपट्टी: करून बघितलंत? अ→ब ६ होईल. क मार्गे ९ + ० = ९. मग थेट रस्ता जिंकतो, जो मुळात हरायला हवा होता. दोन एजच्या वाटेला ८ चा भुर्दंड आणि एका एजच्या वाटेला ४ चाच, असं कसं चालेल?

सरळवाट: हं, हे लक्षात नव्हतं आलं. दोन्ही वाटांत एज सारख्याच असत्या तर चाललं असतं, इतकं तरी माना.

मधलीसुट्टी: पण माझ्या कोडचं काय? त्यात शिक्का नाहीच. ब ला १ मिळालं की तो पुन्हा क्यूत जातो, मग ड पण २ होतो. उत्तर बरोबर!

मोजपट्टी: निगेटिव्ह सायकल नसेल तर तुझा कोड थांबतो आणि उत्तरही बरोबर देतो, यात वाद नाही. किती वेळाने, हा प्रश्न आहे. तुझ्या त्रिकोणासारखे ३० टप्पे एकापुढे एक जोड. प्रत्येकात थेट एज ० ची, आणि एक वळसा: आधी महाग एज, मग मोठी निगेटिव्ह. वळशाची एकूण बचत पहिल्या टप्प्यात २^२९ ठेव, पुढे प्रत्येक टप्प्यात निम्मी, शेवटी १. महाग एजही पुढे पुढे लहान होत जाऊ दे, म्हणजे मागचा वळसा क्यूतून नेहमी पुढच्या सगळ्यांनंतर निघेल. मग मागचा वळसा सापडला की पुढचं सगळं काम नव्याने. शेवटच्या नोडचं अंतर १, १ ने घटत जातं आणि तो २^३० वेळा, म्हणजे शंभर कोटींहून अधिक वेळा, क्यूतून निघतो. नोड किती? अवघे ६१. बेलमन-फोर्ड हाच ग्राफ फार तर ६० फेऱ्यांत उरकतो.

कोराकागद: म्हणजे नावावरूनच भांडण आहे. १९५९ च्या मूळ लेखात तर हीपही नव्हता, तरी हीपवाल्या कोडला आपण डायक्स्ट्राच म्हणतो. मग शिक्का काढलेल्याला का नाही?

मोजपट्टी: हीपने फक्त लहानात लहान शोधायची रीत बदलली. मूळ लेखातही ज्यांचा मार्ग ठरला ते नोड वेगळ्या गटात जातात. तो गटच काढला तर मी त्याला डायक्स्ट्रा म्हणणार नाही. पण शून्य गुण देणंही मला पटत नाही.

कोराकागद: मला तुमचा पहिलाच भाग पटत नाही. असो.

बॅटरीवाला: माझा प्रश्न थोडा वेगळा. मी इलेक्ट्रिक गाडीसाठी कमीत कमी ऊर्जेचा रस्ता काढतो. उतारावर बॅटरी चार्ज होते, म्हणून एज निगेटिव्ह. दर वेळी बेलमन-फोर्ड चालवणं परवडत नाही. इथेही काही मिळवून चालणार नाही का?

मोजपट्टी: चालेल, पण सगळीकडे सारखं नाही. प्रत्येक नोडला त्याच्या उंचीची स्थितिज ऊर्जा h द्या आणि एजचं नवं वजन असं घ्या:

```
w2 = w + h[u] - h[v]
```

मधले h एकमेकांना खातात, उरतात फक्त पहिल्या आणि शेवटच्या नोडचे. म्हणून त्या दोन नोडमधल्या सगळ्या वाटांना सारखाच फरक पडतो, सरळवाट यांचा भुर्दंड इथे नाही. आणि उतारावर परत मिळणारी ऊर्जा उंची गमावून सुटलेल्या ऊर्जेहून जास्त असूच शकत नाही, म्हणून w2 कधी निगेटिव्ह होत नाही. मग शिक्क्यासकट डायक्स्ट्रा चालवा.

बॅटरीवाला: वा! पण गाडी डोंगरमाथ्यावर पूर्ण चार्ज असेल तर उतारावर काहीच साठत नाही. तेव्हा एजचं वजन बॅटरीत किती चार्ज आहे त्यावर ठरतं.

मोजपट्टी: मग नोडला एक ठरलेलं वजन-अंतर पुरणार नाही, चार्जही सोबत न्यावा लागेल. त्यावर वेगळा धागा काढा, इथे मधलीसुट्टीचे गुण अजून अडकलेत.

मधलीसुट्टी: ३० टप्प्यांचा ग्राफ लावून बघितला. जेवून आलो तरी चालूच आहे. तरीही अर्धा गुण मागणार.