मदत हवी आहे: चुंबकीय क्षेत्रात फिरत्या प्रभारित तबकडीवरचं बलआघूर्ण वर्गात दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी. बारावीच्या पोरांसाठी विचारतो आहे, कॉलेज यवतमाळकडच्या खेड्यातलं.

तबकडीवर प्रभार Q एकसमान, त्रिज्या R, कोनीय वेग ω. बहुतेक पोरं सगळा प्रभार काठावर धरून चुंबकीय आघूर्ण m = QωR²/2 काढतात, म्हणजे नेमकं दुप्पट. r त्रिज्येचं बारीक कडं घेतलं, तर त्यातला प्रवाह σωr dr आणि क्षेत्रफळ πr². गुणाकाराचं 0 ते R संकलन केलं की m = QωR²/4. इथवर ठीक.

आता Q = 1 μC, R = 10 सेंमी, ω = 100 rad/s घेतलं, तर m = 2.5×10⁻⁷ A·m². B = 0.2 T, अक्ष क्षेत्राशी 30° वर, म्हणून τ = mB sinθ = 2.5×10⁻⁸ N·m. तबकडी 50 ग्रॅमची असेल तर आधारबिंदू वस्तुमानकेंद्रापासून आडवा 0.05 मायक्रोमीटर सरकला, तरी गुरुत्वाचं आघूर्ण तेवढंच होतं! शिवाय कोनीय संवेगामुळे अक्ष क्षेत्राकडे न वळता त्याच्याभोवती QB/2M वेगानं फिरणार. एका फेरीला 36 दिवस. धातूची तबकडी चालत नाही, प्रभार काठाकडे पळतो. ॲक्रिलिकवरचा पावसाळ्यात टिकत नाही.

मग सायकलच्या चाकाच्या अक्षात चुंबक बसवून हेच परांचन दिसेल का? कोणी केलं असेल तर चुंबक कोणता, चाकाला वेग किती, सांगा भाऊ.