पालेभाजीतली कचकच

> "पालक तीनदा धुतला तरी भाजी दाताखाली कचकच लागते. मिठाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवून फरक पडतो का?"

ताई, मातीसाठी दोन्हींचा उपयोग नाही. रेती विरघळत नाही, ती सुटून तळाशी बसते. म्हणून खोल गंज आणि भरपूर पाणी हवं. आपल्याकडची काळी माती चिकट, आणि ती लपते जुडीच्या बुडाशी, देठांच्या बेचक्यात. आधी बूड कापून देठ सुटे करा. पानं पाण्यात बुडवून हलवा, दोन-चार मिनिटं तशीच राहू द्या आणि मग दोन्ही हातांनी वर उचलून घ्या. गंज चाळणीत उपडा केला की तळाची रेती परत पानांवरच येते, बहुतेकांचं इथेच बिनसतं. रिकाम्या गंजाच्या तळावर बोट फिरवा. खरखर लागली तर अजून एक पाणी. सांभाराच्या जुडीचंही तेच.

मिठाच्या पाण्यात मावा-अळ्या सुटायला मदत होते, पण जास्त वेळ ठेवलं की पानं मऊ पडतात. व्हिनेगरने काही जंतू कमी होतात, सगळे नाही, शिवाय वास राहतो. स्ट्रॉबेरी तर भिजवूच नका. खायच्या वेळी हिरव्या देठासकट वाहत्या पाण्याखाली धुवा, देठ नंतर काढा. नाहीतर आत पाणी शिरतं.