शब्दचर्चा: ‘एलिफंट इन द रूम’ स्टेजवर मराठीत कसं आणायचं?

रातराणी: माझी एक मैत्रीण इंग्रजीत स्टँड-अप करते. आता तिला पुण्यात दहा मिनिटं मराठीत करायची आहेत आणि संहिता मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. विषय तिचा स्वतःचा डिव्होर्स. ती माहेरी परत येते, घरात सगळ्यांना माहीत असतं, पण कोणीही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. इंग्रजीत ती म्हणते, ‘देअर वॉज अॅन एलिफंट इन द रूम. माय मदर वॉज फीडिंग इट.’ आणि अगदी शेवटी तो हत्ती परत येतो, तेव्हा त्याचं वजन वाढलेलं असतं. तिथे सगळ्यात मोठा हशा येतो.

मी सरळ ‘खोलीत एक हत्ती होता, आई त्याला जेवू घालत होती’ असं करून चार जणांना वाचून दाखवलं. दोघांना हत्ती कुठून आला ते कळलं नाही. उरलेल्या दोघांनी आधी मनात त्याचं इंग्रजी केलं आणि मग हसले, तोवर मी पुढच्या वाक्यावर पोचले होते. मराठीत याला काय आहे?

सातासमुद्रापार: पांढरा हत्ती! आमच्याकडे मंडळाच्या कार्यक्रमात नेहमी वापरतात. आणि ‘स्टँड-अप’ कशाला, ‘एकपात्री’ म्हणा ना. आपल्याकडे शब्द असताना परका का घ्यायचा?

रातराणी: पांढरा हत्ती म्हणजे पोसायला महाग आणि उपयोग शून्य. तिच्या नवऱ्याला लागू पडेल, पण इथे तो अर्थ नको आहे.

पाटीपेन्सिल: बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्या अनुभवावरून सांगतो. तुम्हाला हवा तो वाक्प्रचार म्हणजे ‘अळीमिळी गुपचिळी’. सर्वांना ठाऊक, सर्वांनी मिळून गप्प. अर्थ तंतोतंत जुळतो.

चौथी भिंत: सर, अर्थ जुळतो, पण विनोद त्या अर्थावर उभा नाही. हत्ती या विनोदात तीन कामं करतोय. एक, गप्प बसणं दाखवतो. दोन, तो खरोखरची वस्तू असल्यासारखा आईला त्याला खायला घालता येतं. तीन, दहा मिनिटांनी तो परत येऊ शकतो. अळीमिळी गुपचिळी पहिलं काम करते आणि थांबते. तिला कोणी जेवू घालू शकत नाही. रातराणी, शोधायचं असेल तर वस्तू असलेला वाक्प्रचार शोधा, अर्थ थोडा हलला तरी चालेल.

वऱ्हाडी ठेचा: हत्तीच ठेवायचा असंन तर आपला हत्ती आहे ना. ‘हत्ती गेला अन् शेपूट राहिलं.’ नवरा गेला, शेपूट राहिलं. शेपूट म्हणजे दोघांच्या नावाचं होमलोन.

रातराणी: हे मी चोरतेय. इथे नाही बसणार, पण पुढे घराच्या हप्त्यांचा भाग आहे तिथे.

मनीमाऊ: माझं सांगू का? दोन वर्षांपूर्वी मी अशीच माहेरी आले. कोणी विचारलं नाही असं नाही हो. सगळ्यांनी विचारलं, पण तो शब्द सोडून सगळं. ‘सध्या इकडेच का?’ ‘राहणार आहेस ना थोडे दिवस?’ ‘मग, ऑफिस इकडून जवळ पडतं का?’ एक काकू तर कढीपत्ता मागायला आल्या आणि पाऊण तास बसल्या. त्यांच्या दारात कढीपत्त्याचं झाड आहे. आईसुद्धा फोनवर ‘हिचं ते झालं ना, त्यामुळे’ एवढंच म्हणायची. ‘ते’ म्हणजे काय ते पलीकडच्याला बरोबर कळायचं.

चौथी भिंत: मनीमाऊ, तुम्ही वाक्प्रचार नकळत सांगून टाकलात. ताकाला जाऊन भांडं लपवणं! इंग्रजी घरात गप्प बसतात. आपल्या घरात गप्प कोणी बसत नाही, फक्त कशाला आलो ते सांगत नाहीत. म्हणजे प्रसंगच थोडा बदलायचा. आणि भांडं ही हातात धरता येणारी वस्तू आहे.

रातराणी: अगं बाई! रात्री बसून हे लिहिलं:

‘मी माहेरी आले. त्याच संध्याकाळी आत्या आली. सहज. मग काकू आली. सहज. समोरच्या काकू आल्या, त्याही सहजच. सगळ्या ताकाला आलेल्या आणि सगळ्यांनी आपापलं भांडं पदराआड लपवलेलं होतं. मग माझ्या आईने त्या सगळ्यांसाठी छानपैकी ताज्या दह्याचा मठ्ठा केला.’

कागदावर मला हसू येतंय. मोठ्याने वाचलं की शेवट पडतो.

चौथी भिंत: पडणारच. इंग्रजीत क्रियापद आधी येऊन जातं आणि नवी गोष्ट शेवटी येऊ शकते. आपल्याकडे वाक्य क्रियापदावर संपतं. ‘मठ्ठा’ या शब्दावर लोक हसायला तोंड उघडतात आणि नटी अजून ‘केला’ म्हणतेय. एका शब्दाचा फरक वाटतो, पण तो हशाच्या वर पडतो. त्यात ‘छानपैकी ताज्या दह्याचा’ ऐकून ‘दही’लाच अर्ध्या लोकांना कळून जातं. आपण बोलताना काय करतो? स्वतःच प्रश्न विचारतो आणि एका शब्दात उत्तर देतो. ‘आईने काय केलं? मठ्ठा.’ कीर्तनकारही हेच करतात. ‘होतं’, ‘केला’, ‘आहे’ असं शेवटी लोंबणारं प्रत्येक क्रियापद तपासा. काढून वाक्य उभं राहत असेल तर काढा.

आणि ‘सहज’ तीनदा आहे, ते उत्तम. तिसऱ्यांदा मात्र ‘त्याही सहजच’ नको, नुसतं ‘सहज’. तिथे हशा येईल, थांबायला सांगा.

पाटीपेन्सिल: आता भांडंच आहे तर एक गोष्ट लक्षात आणून देतो. घटस्फोट! घट म्हणजे भांडं, स्फोट म्हणजे फुटणं. लग्नात जो मंगल कलश असतो तो फोडून विवाह मोडत, त्यावरून हा शब्द आला.

जुनी पोथी: सरांची फोड बरोबर, गोष्ट नाही. लग्नाच्या कलशाशी त्याचा संबंध नाही. धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला जातीबाहेर टाकण्याचा विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे: माणूस जिवंत असताना नातेवाईक त्याला मेल्यासारखं पाणी देतात आणि दासी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडते. म्हणजे ‘आजपासून तू आमच्यासाठी मेलास.’ विवाहविच्छेदाचा अर्थ शब्दाला नंतर चिकटला. लोकांच्या तोंडी त्यासाठी काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी होते.

वऱ्हाडी ठेचा: सोडचिठ्ठी नका वापरू. पेपरवाल्यांनी वाया घालवला तो शब्द. सोडचिठ्ठी म्हटलं की बायको नाही, आमदार आठवतो.

रातराणी: हाहा, खरंय. ती स्वतः ‘डिव्होर्स’ म्हणेल, तिच्या तोंडी तोच आहे. ‘घटस्फोट’ फक्त बाबांच्या तोंडी, एकदाच, घसा खाकरून. आई ‘ते’ म्हणेल. मनीमाऊ, ‘ते’ तुमच्याकडून घेतलं, चालेल ना?

मनीमाऊ: घ्या की. तेवढंच सार्थक झालं.

रातराणी: आणि सरांमुळे मला हे सुचलं: ‘भांडी सगळ्यांनी लपवली. फुटलं माझं.’ भांडं फुटणं म्हणजे गुपित उघडं पडणं, शिवाय घटस्फोट, शिवाय संसार. आई आधी म्हणून गेलेली असेल, ‘संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच.’ एकाच भांड्याचे तीन वाक्प्रचार!

पाटीपेन्सिल: सुरेख! याला म्हणतात भाषावैभव.

चौथी भिंत: मला तीच भीती वाटते, सर. पाठोपाठ तीन वाक्प्रचार आले की प्रेक्षकाला व्याकरणाचा पेपर आठवतो, ‘वाक्यात उपयोग करा’. स्टेजवरची बाई हुशार आहे असं वाटणं वेगळं आणि ती तयारी करून आलीय असं वाटणं वेगळं. आईचं वाक्य राहू द्या, कारण आया तसं खरंच बोलतात. पण ते चार मिनिटं आधी, कुठल्यातरी वेगळ्याच भांडणाच्या गोष्टीत टाका. लोक विसरले पाहिजेत.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. भांडं फुटतं ते लबाडाचं. ज्याने काही लपवलं, त्याचंच फुटतं. ‘फुटलं माझं’ म्हटलं की चूक तिची होती असा वास येतो. तो तुमच्या मैत्रिणीला चालणार आहे का?

जुनी पोथी: घटस्फोटाच्या मूळ विधीतही ज्याचा घट लवंडायचा तो पतितच. तेव्हा हा वास शब्दाला फार जुना आहे.

मनीमाऊ: मला नाही चालणार. लोक आधीच तसं समजतात. पण स्टेजवर ती स्वतःच म्हणाली तर कदाचित चालेल? मला ठरवता येत नाही.

रातराणी: तिला विचारलं. ती म्हणाली, बोलून बघते. परवा एका ओपन माइकला बोलून बघितलं. चाळीसेक लोक होते, बहुतेक पंचविशीतले. ‘सहज’ला ठरल्याप्रमाणे तिसऱ्या वेळी हसले. ‘मठ्ठा’ला मोठा हशा. ‘फुटलं माझं’ला आधी कोणीतरी ‘ओह’ केलं, मग थोडे हसले. ती म्हणते तो ‘ओह’ तिला आवडला. मला नाही आवडला.

एक धडा मात्र मिळाला. ‘ताकाला जाऊन भांडं’ हे पुढच्या रांगेतल्या दोघांना माहीतच नव्हतं. तिने तिथल्या तिथे म्हण समजावून सांगितली आणि पुढचं मिनिटभर सगळं थंड.

चौथी भिंत: समजावायचं नाही, दाखवायचं. म्हण आधी प्रसंगात आणा. मनीमाऊंचा कढीपत्ता घ्या: ‘समोरच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या. त्यांच्या दारात झाड आहे. कढीपत्त्याचं.’ हे ज्याला कळलं त्याला म्हण माहीत नसली तरी ‘सगळ्या ताकाला आलेल्या, भांडी पदराआड’ कळेल. ‘कढीपत्त्याचं’ शेवटी ठेवलंय, तेवढं बघा.

वऱ्हाडी ठेचा: अन् शेवटच्या हत्तीचं काय केलं? तो तर परत यायचा होता ना बाप्पा.

रातराणी: तोच अडकलाय. सध्या असं आहे: ‘पंधरा दिवसांनी मी निघाले. आत्या दारापर्यंत आली. चप्पल घालेपर्यंत घुटमळली. मी म्हटलं, आत्या, तुझं भांडं राहिलं.’

चौथी भिंत: निघतेय कोण, ही की आत्या? भांडं निघणाऱ्याचं राहतं. आत्याला निघू द्या, हिला दारात उभी करा. आणि ‘राहिलं’ काढा. आत्या जिना उतरतेय, ही वरून हाक मारते: ‘आत्या! भांडं!’ एवढंच.

सातासमुद्रापार: आमच्याकडे जिने नसतात, पण आत्या आहेत. हे कळेल. पांढरा हत्ती मी मागे घेतो. ‘एकपात्री’चं मात्र कोणीच उत्तर दिलं नाही.

रातराणी: पुढच्या गुरुवारी ‘आत्या! भांडं!’ करून बघतोय. ‘फुटलं माझं’ ठेवायचं की नाही यावर तिचं आणि माझं अजून भांड्याला भांडं लागतंय.