दोन हजार बाकी, व्याज चौदाशे?

सदाशिवपेठी: 5 जूनला लक्ष्मी रोडवर क्रेडिट कार्डाने 40,000 ची खरेदी केली. स्टेटमेंट 15 जूनला, ड्यू डेट 5 जुलै, मिनिमम ड्यू 2,000. त्या दिवशी 38,000 भरले. तरी 15 जुलैच्या स्टेटमेंटवर फायनान्स चार्ज 1,404! ही लूट नाही तर काय?

कोथरूडची_काकू: लूट म्हणण्याआधी आकडेमोड करा हो. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. टोटल ड्यू पूर्ण भरला नाहीत, की बिनव्याजी मुदत गेली. मग 40,000 वर 5 जूनपासून 5 जुलैपर्यंत 30 दिवसांचे 1,381, आणि उरलेल्या 2,000 वर पुढच्या 10 दिवसांचे 23. झाले 1,404. त्यावर 18 टक्के जीएसटी 253. लेट फी लागली नाही, कारण मिनिमम ड्यू भरला गेला. मिनिमम ड्यूचा उपयोग तेवढाच.

हडपसर_एक्सप्रेस: काकू, चूक! 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशात, भरलेली रक्कम वजा करून फक्त बाकीवर व्याज, असं म्हटलंय. 2,000 वर 40 दिवसांचे 92 रुपये होतात.

कोथरूडची_काकू: निर्देश मीही वाचलाय. पण 38,000 वजा कधीपासून धरायचे, खरेदीच्या दिवसापासून की भरल्याच्या? बँका भरल्याच्या दिवसापासून धरतात, त्यांच्या अटींच्या पत्रकातल्या उदाहरणातही तसंच असतं. तुमचं म्हणणं पटत असेल तर लेखी तक्रार करा, तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. इथे ओरडून काय होणार?

जुना_पुणेकर: मुळात प्लास्टिकवर खरेदी हवीच कशाला? आमचा वाणी महिन्याची उधारी वहीत लिहायचा, एक पैसा व्याज नाही.

हडपसर_एक्सप्रेस: आजोबा, तुमचा वाणी तांदळात काय मिसळायचा ते विचारा.

जुना_पुणेकर: तोंड सांभाळून बोला. तो माणूस देव होता.

नवी_नोकरी: भांडण थांबवा, माझं ऐका. मी ऑटो डेबिट लावलं, त्यात 'मिनिमम' निवडलं गेलं होतं. पाच महिने पैसे कापले जात होते, मला वाटलं बिल भरतंय. कळलं तेव्हा व्याजच हजारोंत. आईने अजून कार्ड परत दिलेलं नाही.

जुना_पुणेकर: आईच शहाणी.

सदाशिवपेठी: बरं, काकूंचा हिशेब रुपयाला रुपया जुळतोय, मान्य. आता 3,657 भरले की सुटका ना?

कोथरूडची_काकू: अजून नाही. 15 जुलैपासून तुम्ही भराल त्या दिवसापर्यंतचं 2,000 वरचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला येईल, ड्यू डेटला भरलेत तर जीएसटी धरून पन्नास-साठ रुपये. ते पाहून पुन्हा इथे धागा काढू नका. आणि तोवर त्या कार्डावर काही घेऊ नका, नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

सदाशिवपेठी: काल पेट्रोल भरलं त्यावर.

हडपसर_एक्सप्रेस: वाण्याकडे जायचं होतं ना!