मदत हवी आहे: टॅग-अलाँगचे कलम करारात आहे, आर्टिकल्समध्ये नाही

नमस्कार. आमच्या कौटुंबिक प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे एकूण 10,000 शेअर आहेत. थोरल्या चुलतभावांकडे 6,000, माझ्याकडे आणि धाकट्या भावाकडे प्रत्येकी 2,000. थोरले भाऊ 4,000 शेअर बाहेरच्या खरेदीदाराला विकत असून त्यांची नोटीस मला मिळाली आहे. तीत भाव आणि 30 दिवसांची मुदत आहे, मात्र खरेदीदाराचे नाव नाही.

राइट ऑफ फर्स्ट रिफ्युजल आर्टिकल्समध्ये आहे, परंतु एवढे शेअर घेण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत. मला टॅग-अलाँग वापरायचा आहे: धाकटा भाऊ विकणार नसल्याने, थोरल्या भावांच्या 6,000 आणि माझ्या 2,000 या प्रमाणात, त्याच किमतीला त्यांचे 3,000 आणि माझे 1,000 शेअर जावेत. हे कलम मात्र केवळ भागधारक करारात आहे, आणि रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन (1992) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आर्टिकल्समध्ये नसलेले हस्तांतरणावरील निर्बंध बंधनकारक नसल्याचे म्हटले आहे. आर्टिकल्स बदलण्यासाठी लागणारा विशेष ठराव भावांच्या 60 टक्के मतांविरुद्ध मंजूर होणे शक्य नाही.

निर्बंध घालणे वेगळे आणि मलाही सोबत विकू देण्याचे वचन पाळणे वेगळे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तेव्हा एसएच-4 फॉर्म कंपनीकडे दाखल होऊन संचालक मंडळाने नोंद करण्यापूर्वी, भावांविरुद्ध कराराच्या आधारे दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळू शकेल का? खरेदीदाराचे नाव नसलेल्या नोटिशीने 30 दिवसांची मुदत सुरू होते का? अशा प्रकरणाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.